दुसऱ्या ओळीतलं अक्षर

मामाजींच्या लोखंडी पेटीत एक पिवळा कागद आहे. कार्बनखालची प्रत असल्यामुळे अक्षरं निळसर आणि थोडी फुगलेली दिसतात. वरच्या बाजूला टाकीचा क्रमांक आणि काम: ‘गाद काढणे’. त्याखाली चौकट आहे, तिच्यात वेळ, ऑक्सिजन, ज्वलनशील वायू आणि तपासणाऱ्याची सही असे रकाने आहेत. पहिल्या ओळीत सकाळी ८.१०, ऑक्सिजन २०.८, ज्वलनशील ४. दुसऱ्या ओळीत दुपारी १.३०, ऑक्सिजन २०.८, ज्वलनशील ४. दोन्ही ओळींतले आकडे सारखेच आहेत, फक्त दुसऱ्या ओळीचं अक्षर निराळं आहे.

हा कागद टाकीत उतरण्याच्या परवान्याचा आहे. त्या दिवशी मामाजींचा डबा घेऊन मीच कारखान्यात गेले होते. बारावीची परीक्षा होऊन गेली होती आणि मे महिना होता. गोंदियाचा मे काय असतो ते इथं राहणाऱ्यांना सांगायला नको. डांबराचा रस्ता चपलेला चिकटत होता.

पण गोष्ट आबाजींपासून सुरू करावी लागेल.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, तरुणपणी उसन्याच्या राइस मिलमध्ये हौदावर होते. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होता, आपला वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. धान दोन-दोन, तीन-तीन दिवस गार पाण्यात भिजत ठेवायचं, मग वाफवायचं, वाळवायचं आणि भरडायचं. हौद सिमेंटचे, पुरुषभर खोल. भिजलेल्या धानाचं पाणी आंबतं आणि त्याचा वास अंगाला लागला की आंघोळ करूनही जात नाही. आजी म्हणायची, यांच्या सदऱ्याचा वास घेऊनच मला कळायचं की मिल चालू आहे की बंद.

हंगाम संपला की पाणी सोडून द्यायचे आणि तळाचा चिखल तसाच राहायचा. वरून फळ्या टाकलेल्या असायच्या. पुन्हा हंगाम आला की फळ्या काढून कोणीतरी उतरायचं. असा एक गडी उतरला आणि खाली बसल्यासारखा बसला, तो उठलाच नाही. लोक म्हणाले, हौदातली हवा लागली. म्हणजे बाहेरची बाधा. नारळ फोडला, कोंबडं कापलं. दुसऱ्या वर्षी मात्र मिलच्या म्हाताऱ्या मुकादमानं एक रीत लावून दिली. फळ्या आदल्या संध्याकाळी काढायच्या, सकाळी दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा आणि शंभर मोजायचे. कंदील जळत राहिला तरच माणूस, तोही कमरेला दोर बांधून.

“आधी दिवा, मंग माणूस,” आबाजी सांगायचे. “दिवा मेला तं तेल जाते. माणूस मेला तं घर जाते.”

ही रीत फक्त आपल्याकडची नाही, हे मला त्याच कारखान्यातल्या एका फिटरकाकांकडून कळलं. ते मूळचे सांगलीकडचे. त्यांच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवं असत. तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं, आत पोट मोठं, हळद भरली की तोंड बंद करून वर माती. पेव उघडलं की कोणी लगेच उतरत नसे. हवा निघून जाऊ देत, मग कंदील सोडत. मिटलेल्या पेवातली हळद श्वास घेत राहते, ऑक्सिजन संपवते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली. आपण ‘पेव फुटलं’ असं सहज म्हणतो तेव्हा मला नेहमी ते काळं तोंड आणि आत सोडलेला कंदील दिसतो.

आता कंदिलाबद्दल. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून हे थोडं नीट सांगते. आपल्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १६-१७ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. माणूस त्या हवेत अजून उभा असतो, धापा टाकतो, डोकं जड होतं, पण परत फिरू शकतो. म्हणजे हौदात आणि पेवात कंदील माणसाच्या आधी पडायचा. त्या मुकादमाला ना ऑक्सिजन ठाऊक होता ना टक्के, पण त्यानं लावलेली रीत त्या जागेपुरती बरोबर होती. मात्र ‘त्या जागेपुरती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गटाराच्या किंवा सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचं प्रमाण हवेच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असलं तरी माणूस कोसळतो आणि कंदील शांतपणे जळत राहतो. आणि ज्या टाकीची गोष्ट मी सांगते आहे तिच्यात कंदील सोडला असता तर टाकीच उडाली असती.

कारण ती टाकी कोंड्याच्या तेलाची होती.

तांदूळ पांढरा करताना जो कोंडा निघतो, त्यात तेल असतं. उसन्या तांदळाच्या कोंड्यात जरा जास्तच. पण हे तेल घाण्यात पिळून नीट निघत नाही, म्हणून कोंडा हेक्झेन नावाच्या द्रावकात धुतात. पेट्रोलच्या जातीतलंच ते. तेल हेक्झेनमध्ये उतरतं, मग तापवून हेक्झेन उडवायचं आणि पुन्हा वापरायचं. कोंडा मिलमधून निघाला की लवकर कारखान्यात पोचावा लागतो, नाही तर तेल आंबट होतं. रात्री-अपरात्री कोंड्याचे ट्रक यायचे आणि मामाजी जेवणावरून उठून जायचे. ते त्या कारखान्यात शिफ्टचे इंचार्ज होते.

हेक्झेन कितीही उडवलं तरी कच्च्या तेलात त्याचा थोडा अंश उरतो. तेल टाकीत साठतं, तळाशी गाद बसते. मेणासारखा थर, त्यात कोंड्याचे कण, पाणी, गंज. वर्षाकाठी ती खरवडून काढावी लागते, नाही तर आतली वाफेची वेटोळी तापूनही तेल तापत नाही. गाद वरून सुकलेली दिसते, शिऱ्यावर साय धरावी तशी. फावड्यानं ती साय फोडली की आत अडकलेलं हेक्झेन बाहेर येतं. त्याची वाफ हवेच्या तिप्पट जड, म्हणून ती वर जात नाही. पोटरीएवढ्या उंचीवर पसरून राहते, आणि गाद काढणारा माणूस वाकलेला असतो.

त्या टाकीचं तेल तीन दिवस आधी काढून घेतलं होतं. आत येणाऱ्या पाइपला नुसता व्हॉल्व्ह बंद न करता मध्ये लोखंडी चकती घालून बोल्ट कसले होते, कारण व्हॉल्व्ह गळतो, चकती गळत नाही. वरचं झाकण उघडलं, खालच्या बाजूचं मॅनहोलही उघडलं. वरच्या तोंडाशी पंखा लावला. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे होतं. सकाळी ८.१० ला मीटरनं हवा तपासली. नळी वरच्या झाकणातून आत सोडली. नळी हातभर लांब, टाकी दोन माणसं उंच.

पुढं कित्येक वर्षं मामाजी आणि मी या नळीवर बोलत आलो आहोत. मीटर खोटं बोललं नाही. त्याला जिथली हवा दिली तिथलं त्यानं सांगितलं. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही जागी नळी पोचायला हवी होती, आणि प्रत्येक जागी थोडं थांबायलाही हवं होतं, कारण लांब नळीतून हवा मीटरपर्यंत यायलाच वेळ लागतो.

शिवाय ते दोन आकडे. २०.८ दिसलं की कोणीही म्हणेल, ऑक्सिजन पुरेसा आहे. श्वासापुरता तो पुरेसा आहेच, १९.५ च्या वर असला की माणसाला आत जाऊ देतात. पण मामाजींनी मला एकदा हिशेब मांडून दाखवला. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा. तो दशांश एकनं कमी झाला, तर त्याला ढकलून आत शिरलेला वायू त्याच्या पाचपट, म्हणजे अर्धा टक्का असू शकतो. अर्धा टक्का हेक्झेन म्हणजे दहा लाख भागांत पाच हजार भाग. तेवढ्यात दहा मिनिटांत माणसाला गरगरायला लागतं. हेक्झेन सव्वा टक्क्याच्या आतच पेट घेण्याजोगं होतं, म्हणजे स्फोटाच्या निम्म्या वाटेवर आलो. नुसत्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबणारा माणूस इथंच फसतो.

“पण दुसरा आकडा ४ होता ना? म्हणजे धोक्याच्या शंभरातले चारच,” मी विचारलं होतं.

“मीटर कशावर जुळवलं होतं?” मामाजींनी उलट विचारलं. मीटर मिथेन वायूवर जुळवलेलं होतं, मीटर सहसा त्यावरच जुळवतात. हेक्झेनचा रेणू जड आणि सुस्त, तो त्या मीटरला निम्म्याहूनही कमी दाखवतो. म्हणजे ४ चे खरे दहाच्या आसपास, आणि दहाला तर माणूस आत सोडायचाच नसतो. हे झालं सकाळचं, वरच्या हवेचं, गाद हलवण्याआधीचं.

मी डबा घेऊन पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर काम पुन्हा सुरू झालं होतं. आत एक गडी होता, पंचविशीचा, अंगानं बारीक, म्हणूनच त्याला आत पाठवायचे. बाहेर खालच्या मॅनहोलपाशी त्याचा जोडीदार बादल्या ओढून घेत होता. गड्याच्या कमरेला पट्टा होता. पट्ट्याचा दोर मात्र सोडलेला होता, कारण तो आतल्या वाफेच्या वेटोळ्यांत सारखा अडकायचा. दोराचं एक टोक बाहेर शिडीला नीट बांधलेलं होतं आणि दुसरं टोक आत गादीत पडलेलं.

मामाजी हात धुऊन डबा उघडत होते. एकदम थांबले.

“पंखा कोठी गेला?” ते म्हणाले.

मी आजूबाजूला बघितलं, मला वाटलं पंखा कुणी नेला. त्यांना म्हणायचं होतं, पंख्याचा आवाज कुठं गेला. भारनियमनाचे दिवस होते. जनरेटरवर मुख्य यंत्रं घेतली होती, हा पंखा त्यांत नव्हता. लाइट गेलेली, पंखा बंद, आणि आतल्या माणसाला ते सांगायला कोणी गेलं नाही. मामाजी डबा तसाच टाकून धावले आणि त्यांच्यामागून मी. आम्ही टाकीपाशी पोचलो तेव्हा फावड्याचा आवाजही थांबलेला होता.

जोडीदार मॅनहोलमध्ये तोंड घालून हाका मारत होता. मग हाका थांबल्या आणि त्यानं हात आत टाकले, खांदे आत घातले. मामाजींनी त्याला मागून धरलं. तो लाथा झाडत होता, रडत होता, “सोडा, माहा दोस्त हाय आत,” म्हणत होता. मामाजींनी त्याचे दोन्ही पाय काखेत धरून त्याला बाहेर ओढला आणि जमिनीवर बसवला. मी मामाजींना कुणावर हात उचलताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याच्या थोबाडीत दिली.

“तू गेला तं दोन काढा लागतीन,” ते म्हणाले.

टाकी, विहीर, गटार यांत दगावणाऱ्यांचा अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेनं १९८६ मध्ये धांडोळा घेतला, तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेलेच निघाले. हे मी पुढं कधीतरी वाचलं. पण त्याची मला त्या दिवसापासून खात्री होती, कारण मी जोडीदाराचा तो चेहरा पाहिला होता. त्या क्षणी माणूस विचार करत नसतो. समोर मित्र पडलेला दिसतो, हवा दिसत नाही.

तोंडावर लावायचा श्वसनसंच कारखान्यात होता. स्टोअरच्या कपाटात, कुलपात, आणि किल्लीवाला जेवायला घरी गेलेला. मामाजींनी एकाला कुलूप तोडायला पिटाळलं, पण त्याची वाट बघितली नाही. त्यांनी आधी कॉम्प्रेसरची हवेची नळी मागवली. लाइट गेली तरी कॉम्प्रेसरच्या टाकीत दाबाखाली साठलेली हवा असते, ती काही मिनिटं पुरते. नळी खालच्या मॅनहोलमधून आत सरकवून त्यांनी हळूहळू हवा सोडली, पडलेल्याच्या तोंडाच्या दिशेनं. जोरात का नाही, असं फिटरकाका ओरडले. जोराच्या झोतानं नळीच्या टोकाशी स्थिर वीज साठते आणि हेक्झेनला एक ठिणगी पुरते. कोणीतरी ऑक्सिजनचा सिलिंडर आणू का म्हणालं, वेल्डिंगचा होता तिथं. मामाजी त्याच्या अंगावर खेकसले. शुद्ध ऑक्सिजन त्या टाकीत सोडणं म्हणजे सरपणावर तूप ओतणं.

मग त्यांनी गाद ओढायची लांब दांड्याची लोखंडी आकडी घेतली. तिथंच पडलेलं गोणपाट पाण्यात बुचकळून आकडीच्या गळ्याला गुंडाळलं, लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. नुसतं टोक उघडं ठेवलं. ते मॅनहोलच्या बाजूला आडवे झाले, तोंड बाहेर वळवून, एकच हात आणि खांदा आत. फिटरकाकांनी त्यांचे पाय धरले. मी उन्हात उभी होते आणि ते ओलं गोणपाट आत-बाहेर होताना बघत होते. दोनदा आकडी घसरली. तिसऱ्यांदा ती पट्ट्यात अडकली.

दोर सोडलेला होता, पण पट्टा काढलेला नव्हता. त्या पट्ट्यानं तो बाहेर आला.

किती वेळ लागला याबद्दल एकमत नाही. फिटरकाका चार मिनिटं म्हणायचे, मामाजी सात. मला तो तासभर वाटला. तो श्वास घेत होता, उथळ आणि घरघरत. ओठ जांभळे. अंगावरचे कपडे गादीनं आणि द्रावकानं भिजलेले, ते कापून काढले, अंगावर पाणी ओतलं, सावलीत कुशीवर निजवलं. कपाटातला संच आला तेव्हा कारखान्याच्या जीपमध्ये त्याला घालत होते. दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि संध्याकाळी त्यानं डोळे उघडले. त्याला ओकाऱ्या होत होत्या, डोकं फुटतंय म्हणत होता. सकाळी आंघोळ केल्याचं त्याला आठवत होतं, कारखान्यात आल्याचं आठवत नव्हतं.

रात्री आमच्या ओसरीवर माणसं जमली. मामाजींच्या अंगाला अजून तो तेलकट वास होता.

आत्याबाईंना आधी वाटलं, स्वयंपाकाच्या गॅसचं काही झालं. “रेग्युलेटर बंद नसंल केला,” त्या म्हणाल्या. समजावून सांगितल्यावर त्यांनी आपली गोष्ट काढली. एका थंडीत बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावलं होतं. पहाटे उठवायला गेल्या तर सून हलेना. “तिले कोणता वास आला होता? काहीच नाही.” त्यांची गोष्ट वेगळ्या वायूची होती, कोळशाच्या अपुऱ्या जळण्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची. पण त्या रात्री ती सगळ्यात उपयोगाची ठरली, कारण आत्याचे यजमान तेव्हाच ठासून सांगत होते की विषारी हवा असली की वास येतोच, आणि तोंडाला ओलं फडकं बांधलं की काही होत नाही.

त्यांचं अर्धं खरं होतं. हेक्झेनला हलका, पेट्रोलसारखा वास असतो. पण तेलाच्या कारखान्यात रोज काम करणाऱ्याच्या नाकाला तो जाणवेनासा होतो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास तर प्रमाण वाढलं की नाकच बधिर करून टाकतो. वास यायचा थांबला म्हणजे धोका टळला असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच पळायला हवं असतं. ओलं फडकं धूळ अडवतं. वायू त्यातून सरळ आत जातो, आणि जिथं ऑक्सिजनच कमी आहे तिथं फडकं तो आणणार कुठून?

फिटरकाकांचा वाद वेगळा होता. त्यांच्या मते द्रावकाचा दोष कमी, गंजाचा जास्त. लोखंड गंजताना ऑक्सिजन खातं, आंबट तेलही खातं. बंद टाकीतली हवा नुसती बसूनच मरते. “पेवात कोण हेक्झेन ओततं?” ते म्हणाले. मामाजींनी मान हलवली. तीन दिवस झाकण उघडं होतं, पंखा चालू होता, गंज एवढा ऑक्सिजन खाऊ शकत नाही. मला मामाजींचं पटतं. पण पंखा वरून हवा ढकलत होता आणि वरूनच ती बाहेर येत होती, तळापर्यंत किती पोचली हे कोणी मोजलेलं नाही. त्यामुळं काकांचं म्हणणं मी पुरतं खोडूनही काढू शकत नाही. माणूस पडला त्या क्षणाची, त्या उंचीवरची हवा कुठल्याच मीटरमध्ये गेली नाही.

आबाजी सगळं ऐकत बसले होते. त्यांना तेव्हा ऐकू कमी यायचं. शेवटी त्यांनी एकच विचारलं, “दोर कोणाच्या हातात होता?”

शिडीला बांधला होता, मामाजी म्हणाले.

“शिडीले का समजते?”

कारखाने अधिनियम मी पुढं वाचला. १९४८ चा. त्याच्या ३६ व्या कलमात बंद जागेबद्दल लिहिलं होतं. पुरेसं मोठं मॅनहोल हवं. जाणकार माणसानं स्वतः तपासून, जागा धोक्याच्या वायूपासून मोकळी असल्याचं लेखी दिलं पाहिजे. ते नसेल तर उतरणाऱ्याला श्वसनाचं साधन हवं, आणि पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. माणसाच्याच हातात, असं तो कायदा म्हणायचा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आबाजींनी हौदाच्या काठावरून तेच विचारलं होतं.

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीनं भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याच्यामागे एकेक करत बाकीचे. पाच जण गेले. एक वाचला, त्याच्या कमरेला दोर होता. ती बातमी वाचली त्या रात्री मी आबाजींचा फोटो खाली काढून पुसला.

आणि आपल्या तिरोडा तालुक्यातलं सरांडी. जून २०२३. विहिरीतली मोटार बघायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा, मग चौथा. चौघेही गेले. ही विहीर होती, कारखाना नव्हता, तिथं कोण परमिट लिहिणार? पण कंदील होता. निदान एके काळी होता. पावसाळ्याच्या तोंडावर, बरेच दिवस न उतरलेल्या विहिरीत आधी दिवा सोडायचा, हे इथल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. मध्ये कुठंतरी आपण कंदील विकून टाकले आणि त्यांच्या जागी मीटर घरोघर आलं नाही. मी वर्गात मुलांना सांगते: कंदील जळत राहिला म्हणून उतरू नका, तो सगळं ओळखत नाही. पण विझला तर कोणाच्याही आईची शपथ घातली तरी उतरू नका.

मामाजींनी त्यानंतर कारखान्यात तीन गोष्टी बदलून घेतल्या. लांब नळी. संचाचं कपाट बिनकुलपाचं. आणि मॅनहोलपाशी एक माणूस, ज्याला दुसरं काही काम नाही, बादलीही ओढायची नाही. या तिसऱ्या गोष्टीसाठी त्यांना सगळ्यात जास्त भांडावं लागलं. नुसता बसून राहणारा माणूस कोणत्याच मालकाला बघवत नाही.

दुसऱ्या ओळीबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत. दीड वाजता मीटर घेऊन कोणीही टाकीवर चढलं नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे. दीड वाजता लाइट नव्हती, आणि मीटर मामाजींच्या टेबलावर होतं, माझ्या डब्याशेजारी. मी ते हातात घेऊन बघितलंही होतं.

टाकीत पडलेला तो गडी आज पन्नाशीकडे झुकला आहे. कारखाना त्यानं कधीच सोडला. आमगाव रस्त्याला सायकल-मोटरसायकलचं पंक्चर काढायचं त्याचं दुकान आहे. त्याला अजून अधूनमधून डोकं दुखतं, नावं विसरतो. ते त्या दिवसामुळं की वयामुळं, कोणी सांगू शकत नाही. मागच्या दिवाळीत तो मामाजींना भेटायला आला होता. मामाजी आता फार बोलत नाहीत. मीच पेटी उघडून तो कागद त्याला दाखवला. त्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बोट ठेवत ठेवत वाचलं. खाली उतरणाऱ्याच्या सहीची जागा होती, तिथं त्याचं नाव, शाळेत गिरवल्यासारखं.

“सही माहीच हाय,” तो म्हणाला. मग त्याचं बोट वर सरकलं, दुसऱ्या ओळीवर आलं आणि तिथंच राहिलं.

“ताई, हे कोणी लिवलं?”

मी मामाजींकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.